हाफ-लाइफ, स्टेडी स्टेट आणि लोडिंग डोस: एमसीक्यूमध्ये आधी काय ओळखायचं

रविवारी सकाळी ठाण्याच्या नौपाड्यातल्या एका अभ्यासिकेत आम्ही काही जण फार्माकोकायनेटिक्सचे प्रश्न घेऊन बसतो. कुणी कळव्याहून येतं, कुणी नेरूळ-खारघरहून ट्रान्स-हार्बर पकडून. बहुतेक मुलं जीपॅटच्या तयारीत असतात, एखाद-दुसरं एमबीबीएसचं. सूत्रं सगळ्यांना तोंडपाठ असतात. तरीही पर्याय समोर आले की हात थबकतो, कारण प्रश्नात आकडे पाच दिलेले असतात आणि लागणारे असतात दोनच. नेमके कोणते दोन, हे ओळखण्याची रीत मला पुष्कळ उशिरा सापडली. ती इथे एका औषधाचं उदाहरण पहिल्यापासून शेवटपर्यंत धरून सांगते.

हाताशी काय हवं

एक कोरा कागद, पेन्सिल आणि ही चार सूत्रं. याहून जास्त काही लागत नाही.

```
t½  = 0.693 × Vd / CL
Css = R / CL
LD  = Vd × C / F
MD  = CL × Css × τ / F
```

R म्हणजे इन्फ्युजनचा वेग, τ म्हणजे दोन डोसांमधला वेळ, F म्हणजे बायोअव्हेलेबिलिटी. औषध शिरेतून दिलं तर F एक धरायचा. कॅल्क्युलेटर नसेल तर 0.693 ऐवजी 0.7 घ्या, पर्याय ओळखण्यापुरतं उत्तर येतं.

याशिवाय आकड्यांची एक ओळ पाठ असू द्या: 50, 75, 87.5, 94, 97. एक, दोन, तीन, चार आणि पाच हाफ-लाइफनंतर स्टेडी स्टेटच्या किती टक्के पातळी गाठली जाते, ते ही ओळ सांगते.

1. प्रश्न कशाबद्दल आहे ते आधी ठरवा

या विषयातला जवळपास प्रत्येक प्रश्न तीनपैकी एक गोष्ट विचारतो. पातळी शेवटी कुठे स्थिरावणार? पहिल्या डोसनंतर ती कुठून सुरू होणार? आणि सुरुवातीपासून शेवटापर्यंत जायला वेळ किती लागणार?

या तीन गोष्टी तीन वेगवेगळ्या राशी ठरवतात. शेवट ठरतो औषध देण्याचा वेग आणि क्लिअरन्स यांवरून. सुरुवात ठरते पहिला डोस आणि व्हॉल्यूम ऑफ डिस्ट्रिब्युशन यांवरून. वेळ ठरते फक्त हाफ-लाइफवरून. प्रश्न वाचताना समासात ‘शेवट’, ‘सुरुवात’ किंवा ‘वेळ’ असा एक शब्द लिहा, मगच आकड्यांकडे वळा. वेळ विचारली असेल आणि पर्यायांत डोस दुप्पट केल्याचा उल्लेख असेल, तर तो आकडा तुम्हाला चकवण्यासाठीच ठेवलेला आहे.

हाफ-लाइफचं सूत्र इथे जरा नीट पाहा. त्यात Vd वर आहे आणि CL खाली. शरीर क्लिअरन्स ठरवतं, औषधाचा स्वभाव आणि ऊती मिळून Vd ठरवतात, आणि या दोघांमधून हाफ-लाइफ बाहेर पडते. म्हणून ‘हाफ-लाइफ वाढल्यामुळे क्लिअरन्स कमी झाला’ असा पर्याय दिसला तर कारण आणि परिणाम उलटे लावले आहेत हे ओळखा. हाफ-लाइफ वाढली एवढंच सांगितलं असेल तर क्लिअरन्स घटला असेल किंवा Vd वाढला असेल. प्रश्नात दुसरी माहिती दिल्याशिवाय दोन्हींपैकी एक निवडता येत नाही.

2. अंतर निम्मं होतं, एवढंच लक्षात ठेवा

स्टेडी स्टेटबद्दल ‘चार ते पाच हाफ-लाइफ’ हे सगळे पाठ करतात. त्यामागचं तत्त्व धरलं तर पाठांतराची गरज उरत नाही. फर्स्ट-ऑर्डर औषधात आत्ताची पातळी आणि शेवटची पातळी यांच्यातलं अंतर दर हाफ-लाइफला निम्मं होतं. पातळी खालून वर जात असो किंवा वरून खाली येत असो, नियम तोच. इन्फ्युजन बंद केलं तर शेवटची पातळी शून्य, म्हणजे तिथेही शून्यापासूनचं अंतर निम्मं होत जातं. हाफ-लाइफची नेहमीची व्याख्या ती हीच.

समजा प्रश्न असा आला: एका औषधाची हाफ-लाइफ 6 तास आहे, एकसारखं इन्फ्युजन सुरू केलं आणि 12 तासांनी पातळी दर लिटरला 9 मिग्रॅ आली, तर स्टेडी स्टेटची पातळी किती? बारा तास म्हणजे दोन हाफ-लाइफ. शून्यापासून सुरुवात होती, म्हणजे अंतर आधी निम्मं आणि मग पाव राहिलं. पाव उरलं म्हणजे तीन चतुर्थांश गाठलं. 9 हे तीन चतुर्थांश असेल तर पूर्ण पातळी 12. ना Vd लागला, ना क्लिअरन्स.

3. एक रुग्ण पूर्ण सोडवू या

थिओफायलिन घेऊ. आकडे सोपे आहेत आणि या औषधाच्या बाबतीत चूक झाली तर रुग्णाला खरोखर त्रास होतो, त्यामुळे त्यात मन लागतं. रुग्ण 60 किलोचा प्रौढ, धूम्रपान न करणारा, दम्याचा तीव्र झटका आलेला, आणि आधी थिओफायलिन न घेतलेला. पुस्तकात Vd दर किलोला 0.5 लिटर आणि हाफ-लाइफ सुमारे 8 तास दिलेली असते. हवी असलेली पातळी दर लिटरला 10 मिग्रॅ.

आधी Vd. 60 गुणिले 0.5 म्हणजे 30 लिटर. इथेच पहिला सापळा असतो, कारण काही प्रश्न Vd दर किलोला देतात आणि काही थेट लिटरमध्ये. वजनाने गुणायचं राहून गेलं की निघणारं चुकीचं उत्तर पर्यायांत हमखास ठेवलेलं असतं.

मग सुरुवात. लोडिंग डोस म्हणजे 30 लिटर गुणिले 10, म्हणजे 300 मिग्रॅ.

मग शेवट. त्यासाठी क्लिअरन्स हवा. 0.693 गुणिले 30 भागिले 8, म्हणजे तासाला साधारण 2.6 लिटर. पातळी 10 वर धरून ठेवायची तर तासाला 26 मिग्रॅ द्यायला हवं.

आता लोडिंग डोस न देता नुसतं 26 मिग्रॅचं इन्फ्युजन लावलं तर काय होईल ते कागदावर काढा. 8 तासांनी पातळी 5, 16 तासांनी 7.5, 24 तासांनी 8.75, 32 तासांनी जेमतेम 9.4. झटका आलेल्या माणसाला सव्वा दिवस थांबवता येत नाही, लोडिंग डोस लागतो तो याचसाठी. 300 मिग्रॅ आधी दिलं तर पातळी सुरुवातीलाच 10 वर जाते आणि 26 मिग्रॅ तिला तिथेच धरून ठेवतं.

प्रत्यक्षात हे 300 मिग्रॅ एका झटक्यात ढकलत नाहीत, वीस ते तीस मिनिटांत सावकाश देतात. थिओफायलिन भराभर गेलं तर रक्तदाब कोसळतो आणि हृदयाची लय बिघडते. लोडिंग डोसचं सूत्र किती द्यायचं ते सांगतं, किती वेगाने द्यायचं ते सांगत नाही. ‘लोडिंग डोसचा प्रमुख धोका कोणता’ अशा प्रश्नात उत्तर याच दिशेला असतं.

शिरेतून द्यायच्या औषधाच्या बाटलीवर बहुधा अमिनोफायलिन लिहिलेलं असतं. त्यात थिओफायलिन सुमारे 80 टक्के. म्हणून 300 मिग्रॅ थिओफायलिनसाठी 300 भागिले 0.8, म्हणजे 375 मिग्रॅ अमिनोफायलिन, आणि तासाला 26 ऐवजी 32.5. प्रश्नात ‘अमिनोफायलिन’ हा शब्द दिसला की खाली रेघ मारा. आमच्या गटात हा आकडा सगळ्यात जास्त वेळा विसरला जातो, कारण बाकी गणित बरोबर येतं आणि मन निर्धास्त होतं.

4. लोडिंग डोस चुकला तर?

परीक्षकांना इथून प्रश्न काढायला आवडतं. समजा चुकून दुप्पट, म्हणजे 600 मिग्रॅ दिलं, पण इन्फ्युजन 26 चंच ठेवलं. पातळी 20 वर सुरू होईल. शेवट मात्र 10 च, कारण शेवटाच्या सूत्रात पहिला डोस कुठेच नाही. अंतर 10 चं आहे, ते दर 8 तासांनी निम्मं होतं: 20, 15, 12.5, 11.25. तेवढ्या काळात मळमळ, उलट्या, धडधड असे त्रास होऊ शकतात, पण पातळी आपल्या जागी येते.

उलट 150 मिग्रॅच दिलं असतं तर पातळी 5 वर सुरू झाली असती आणि 7.5, 8.75 करत 10 कडे गेली असती.

यावरून दोन विधानांचा निकाल लागतो. ‘लोडिंग डोसमुळे स्टेडी स्टेटची पातळी वाढते’ हे चूक. ‘लोडिंग डोसमुळे हाफ-लाइफ कमी होते’ हेही चूक. लोडिंग डोस फक्त सुरुवातीचं अंतर कमी करतो. डोस अगदी नेमका असेल तर अंतर शून्य होतं, आणि शून्याचं निम्मं शून्यच.

रुग्णाने घरी आधीच गोळी घेतली असेल तर? रक्तातली पातळी 4 आली, हवी 10. मग भरायची आहे ती फक्त तूट: 30 गुणिले 6, म्हणजे 180 मिग्रॅ. सूत्रात C च्या जागी नेहमी ‘हवी वजा आहे’ असं लिहायची सवय लावा. आधी औषध घेतलं नसेल तर ‘आहे’ शून्य असतं, म्हणून सूत्र साधं दिसतं इतकंच.

5. क्लिअरन्स घटला की काय बदलतं, काय नाही

कळव्याच्या एका मुलीने मागे विचारलं होतं, “ताई, अवयव नीट काम करत नसेल तर सगळंच अर्धं करायचं ना?” हाच प्रश्न वेगवेगळ्या कपड्यांत परीक्षेत येतो, म्हणून इथे सावकाश जाऊ.

त्याच रुग्णाला यकृताचा आजार आहे आणि क्लिअरन्स निम्मा, म्हणजे तासाला 1.3 लिटर झाला आहे असं धरा. Vd 30 लिटरच. आता चारही सूत्रं पुन्हा पाहा. लोडिंग डोसच्या सूत्रात क्लिअरन्स नाही, म्हणून तो 300 च राहतो. मेंटेनन्सच्या सूत्रात आहे, म्हणून 26 चा 13 होतो. हाफ-लाइफ दुप्पट, म्हणजे 16 तास. स्टेडी स्टेटच्या जवळ यायला 32 तासांऐवजी 64 तास.

म्हणजे उत्तर असं: पहिला डोस तोच, पुढचे डोस निम्मे किंवा दुप्पट अंतराने, आणि स्थिरावायला दुप्पट वेळ. सगळंच अर्धं केलं तर रुग्ण पहिल्या दिवशी, जेव्हा औषधाची सर्वांत जास्त गरज असते तेव्हाच, औषधावाचून राहतो.

याहून धोक्याची गोष्ट उपचार चालू असताना क्लिअरन्स घटण्याची. आपला मूळचा रुग्ण 26 मिग्रॅवर छान स्थिरावला आहे, पातळी 10. मग छातीतल्या संसर्गासाठी कुणी सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा एरिथ्रोमायसिन सुरू केलं. दोन्ही थिओफायलिनचा क्लिअरन्स कमी करतात. हिशेब सोपा राहावा म्हणून तो निम्मा झाला असं धरू. इन्फ्युजन कुणी बदललं नाही. नवा शेवट: 26 भागिले 1.3, म्हणजे 20.

पण 20 वर ती लगेच पोहोचत नाही. अंतर 10 चं आणि हाफ-लाइफ आता 16 तास. सोळा तासांनी 15, बत्तीस तासांनी 17.5, दोन दिवसांनी 18.75. अँटिबायोटिक सुरू केल्याच्या संध्याकाळी रुग्ण ठीक दिसतो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उलट्या आणि धडधड सुरू होते, आणि तोपर्यंत कुणाला त्या गोळीची आठवण राहत नाही. प्रश्नात ‘दोन दिवसांनंतर’ असा उल्लेख असेल तर जुनी हाफ-लाइफ वापरायची की नवी, तेच तपासायचं असतं. बदल झाल्यानंतरचा वेळ नेहमी नव्या हाफ-लाइफने मोजा.

धूम्रपानाची दिशा उलटी. सिगारेटमुळे थिओफायलिनचा क्लिअरन्स वाढतो, त्यामुळे धूम्रपान करणाऱ्याला मेंटेनन्स डोस जास्त लागतो. त्याने सिगारेट सोडली आणि डोस तोच राहिला तर पातळी चढू लागते. आता दिशा तुम्हाला सूत्राकडे न पाहताही सांगता यायला हवी.

6. गोळ्या ठरावीक वेळाने दिल्या तर

इन्फ्युजनऐवजी डोस तुटक दिले तरी सरासरी पातळीचं गणित तेच राहतं, फक्त तिच्या खालीवर चढउतार येतात. दिवसाला 600 मिग्रॅ एकदम द्या किंवा 300 मिग्रॅ दोनदा द्या, सरासरी सारखीच. एकदम दिलं तर शिखर उंच आणि दरी खोल. स्टेडी स्टेटला पोहोचण्याची वेळ दोन्हींत एकच.

एक जोडी मात्र पाठ असावी. डोसांमधला वेळ बरोबर हाफ-लाइफएवढा असेल तर लोडिंग डोस मेंटेनन्स डोसच्या दुप्पट येतो. कागदावर पडताळा: दर हाफ-लाइफला 100 मिग्रॅ शिरेतून दिलं तर शरीरातलं प्रमाण डोसनंतर 100, पुढच्या वेळी 150, मग 175, आणि शेवटी 200 वर टेकतं. दर वेळी पुढचा डोस यायच्या आत त्यातलं निम्मं निघून जातं, आणि निघून गेलेले 100 नवा डोस भरून काढतो. पहिल्यांदाच 200 दिलं असतं तर हे चक्र पहिल्याच दिवशी सुरू झालं असतं. डॉक्सीसायक्लिन पहिल्या दिवशी 200 आणि मग रोज 100 मिग्रॅ देतात ते याच धाटणीचं आहे. त्याची हाफ-लाइफ 18 ते 22 तासांच्या आसपास, म्हणजे दिवसाच्या जवळपास.

डोसांमधला वेळ हाफ-लाइफपेक्षा बराच मोठा असेल तर साठा फारसा होत नाही आणि लोडिंग डोसला अर्थ उरत नाही. पेनिसिलिन जी सारख्या अर्ध्या-पाऊण तासाच्या हाफ-लाइफच्या औषधाला लोडिंग डोस द्यायचा का, असं विचारलं तर उत्तर इथून येतं.

7. ही रीत कुठे चालत नाही

दोन ठिकाणं नीट ओळखून ठेवा.

पहिलं डिगॉक्सिन. त्याचा Vd प्रचंड असतो, दर किलोला साधारण 7 लिटर, कारण ते ऊतींमध्ये जाऊन बसतं. हाफ-लाइफ दीड ते दोन दिवस. घाई असेल तर लोडिंग डोस लागतो, पण तो तुकड्यांत देतात: आधी निम्मा, मग सहा-आठ तासांच्या अंतराने पाव आणि पाव. रक्तातून ऊतींपर्यंत औषध पसरायला काही तास लागतात, म्हणून शेवटच्या डोसनंतर सहा तासांच्या आत काढलेली रक्तपातळी फसवी उंच दिसते. आणि मूत्रपिंड निकामी असेल तर पाचव्या पायरीवरचा नियम इथे जसाच्या तसा लावू नका. डिगॉक्सिनच्या बाबतीत अशा रुग्णांत क्लिअरन्सबरोबर Vd सुद्धा कमी होतो, त्यामुळे मेंटेनन्स तर कमी करायचाच, लोडिंग डोसही कमी करावा लागतो. पर्यायांत ‘लोडिंग डोस बदलत नाही’ दिसलं की आधी औषधाचं नाव बघा. नाव नसेल आणि Vd बदलल्याचं सांगितलं नसेल तरच ते बरोबर.

दुसरं फेनिटॉइन. त्याचं चयापचय करणारं एन्झाइम उपचाराच्या पातळीतच भरून जाऊ लागतं. मग क्लिअरन्स स्थिर राहत नाही, पातळी वाढली की तो घटतो आणि हाफ-लाइफ लांबते. ‘डोस दुप्पट तर पातळी दुप्पट’ हा हिशेब मोडतो. 300 मिग्रॅवर पातळी कमी पडते म्हणून 400 केलं, डोस एक तृतीयांशानेच वाढला, तरी पातळी कितीतरी पटींनी चढून रुग्णाचा तोल जाऊ शकतो, डोळे थरथरू शकतात. म्हणून डोस थोडा-थोडा वाढवतात आणि मधे पुरेसा काळ थांबून पातळी पुन्हा मोजतात. फेनिटॉइनला किती हाफ-लाइफनंतर स्टेडी स्टेट, असा प्रश्न आला तर ‘पाच’ या पर्यायावर बोट ठेवू नका. ‘डोसनुसार बदलते’ किंवा ‘सांगता येत नाही’ असा पर्याय शोधा. लोडिंग डोस मात्र इथेही Vd वरूनच काढतात, कारण पहिल्या क्षणी औषध शरीरात पसरण्याशी त्या एन्झाइमचा संबंध येत नाही.

दारूचं गणित याच वर्गातलं. तिथे तासाला ठरावीक ग्रॅम निघून जातात, ठरावीक टक्के नाही. प्रश्नात दर तासाला पातळी 20, 15, 10, 5 अशी सारख्या आकड्याने उतरत असेल तर ती झिरो-ऑर्डर. 20, 10, 5, 2.5 अशी उतरत असेल तर फर्स्ट-ऑर्डर, आणि वर सांगितलेलं सगळं तिथे लागू पडतं.